गच्चीवरची टाकी आणि कानातला आवाज : ब्लूटूथ इअरबड्स मागे का पडतात आणि का तुटतात

माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्याने तक्रार केली. "मामा, मी गोळी मारतो आणि आवाज नंतर येतो. समोरचा मला मारून मोकळा होतो." त्याच आठवड्यात माझंही एक रडगाणं चालू होतं. डोंबिवलीहून निघाल्यावर गाणी व्यवस्थित वाजायची, पण दादरला उतरून पुलावर चढलो की आवाज तुकड्यातुकड्यांत यायचा. आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदाराने दोन्ही तक्रारींवर एकच औषध सांगितलं. "तुमचं ब्लूटूथ ५.० आहे, ५.३ घ्या, सगळं जाईल."

तसं होत नाही. का होत नाही हे कळायला आवाज फोनमधून कानापर्यंत कसा जातो ते पाहावं लागतं. एकदा ते पाहिलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. भाच्याचा उशीर आणि माझं तुटणं हे दोन वेगळे आजार नाहीत. एकावर उपाय करायला गेलं की दुसरं वाढतं, आणि प्रत्येक कंपनीने आपल्या इअरबड्समध्ये या दोघांच्या मध्ये कुठेतरी एक जागा निवडलेली असते.

सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती. ब्लूटूथच्या हवेतल्या वाटेला एवढं ओझं सतत झेपत नाही, म्हणून फोन आधी आवाज आवळून लहान करतो. हे आवळण्याचं आणि पलीकडे पुन्हा उलगडण्याचं काम ज्या पद्धतीने होतं, तिला कोडेक म्हणतात. आवळलेला आवाज छोट्या पुड्यांमध्ये, म्हणजे पॅकेटांमध्ये, बांधला जातो आणि पॅकेट रेडिओने हवेत सोडलं जातं. इअरबडला ते नीट मिळालं तर तो उलट "मिळालं" असं कळवतो. ती पोच आली नाही तर फोन तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, गरज पडली तर पुन्हा पुन्हा.

यात अडचण अशी की आवाजाला थांबता येत नाही. वेब पान अर्धा सेकंद उशिरा उघडलं तर कुणाला कळतही नाही, पण गाण्याच्या मध्ये एक शतांश सेकंदाची पोकळी पडली तरी कानाला खट्‌ करून जाणवते. पॅकेटं तर कधी वेळेवर येतात, कधी तिसऱ्या प्रयत्नात. म्हणून इअरबड आलेला आवाज लगेच वाजवत नाही. आधी थोडा साठा करतो आणि मग त्या साठ्यातून एका लयीत वाजवत राहतो. या साठ्याला बफर म्हणतात.

आपल्याकडे हे समजायला सोपं आहे, कारण बहुतेक इमारतींच्या गच्चीवर टाकी असते. महापालिकेचं पाणी येतं-जातं, कधी जोरात, कधी करंगळीएवढ्या धारेने, पण टाकी भरलेली असेल तर स्वयंपाकघरातला नळ सारखा वाहतो. टाकी मोठी तेवढं निर्धास्त. मात्र नळातून येणारं पाणी आत्ता पाइपमध्ये आलेलं नसतं, ते काही वेळापूर्वी टाकीत पडलेलं असतं. टाकी जितकी मोठी, तितकं ते जुनं. इअरबडमध्ये हे 'जुनं असणं' म्हणजे आवाजाचा उशीर, आणि टाकी रिकामी होणं म्हणजे आवाज तुटणं.

साध्या संगीतासाठी बनवलेल्या इअरबड्समध्ये हा सगळा उशीर मिळून साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांचा असतो. त्यात आवळण्या-उलगडण्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा खूप लहान आहे. एसबीसी नावाचा जो मूळ कोडेक प्रत्येक ब्लूटूथ स्टिरिओ उपकरणात असावाच लागतो, तो एका वेळी आवाजाची १२८ मोजमापं घेतो, ज्यांना नमुने म्हणतात. हा जेमतेम ३ मिलिसेकंदांचा आवाज. एएसी हा दुसरा कोडेक १,०२४ नमुने घेतो, म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. बाकीचा बहुतांश वेळ पॅकेट भरेपर्यंत थांबण्यात, फोनच्या स्वतःच्या रांगेत आणि मुख्यतः टाकीत जातो.

हा उशीर किती मोठा म्हणायचा? मैदानाच्या सीमारेषेवर बसून क्रिकेट पाहिलं असेल तर तुम्ही तो अनुभवलेला आहे. ६५ मीटरवरच्या फलंदाजाने चेंडू मारलेला आधी दिसतो आणि बॅटचा टक्‌ आवाज सुमारे १९० मिलिसेकंदांनी येतो. दुरून आलेला आवाज उशिराच यायचा, याची मेंदूला सवय आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजे आयटीयूने, दूरचित्रवाणीसाठी याचा अभ्यास केला तेव्हा आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर लोकांच्या ध्यानात येत होतं, पण मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जात होतं. म्हणजे इअरबड्सचा नेहमीचा उशीर या सीमेच्या थोडा पलीकडे जातो.

मग सिनेमा पाहताना ओठ आणि शब्द जुळलेले कसे दिसतात? इअरबड्स फोनला आपला उशीर कळवू शकतात, आणि व्हिडिओ दाखवणारं ॲप तेवढ्याच वेळाने चित्र मागे ठेवतं. चित्र आधीच ठरलेलं असल्यामुळे हे करता येतं. गेममध्ये ते शक्य नाही, कारण भाचा बोट कधी दाबणार हे फोनला आधी माहीत नसतं. बोट दाबलं की चित्र लगेच बदलतं, आणि आवाजाला मात्र टाकीतून वाट काढत यावं लागतं. मोबाइलवर पेटी किंवा तबला वाजवायचं ॲप असेल तर हेच होतं. पण तबल्याचा ठेका लावून त्यावर रियाझ करणाऱ्याला काहीच त्रास होत नाही, कारण तो ऐकू आलेल्या ठेक्यावरच गातो, तो ठेका किती जुना आहे याने फरक पडत नाही. तक्रार ऐकल्यावर मी म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारतो की तुमच्या बोटाचा आवाज उशिरा येतोय की नुसत्या व्हिडिओचा. व्हिडिओचा असेल तर बहुतेक वेळा त्या एका ॲपची किंवा टीव्हीची जुळणी चुकलेली असते.

आता दादरचा पूल. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं, जो कुणीही परवान्याशिवाय वापरू शकतो. त्यात वायफाय आहे, वायरलेस माउस आहेत, मायक्रोवेव्ह ओव्हनमधून झिरपणारी गडबड आहे. संगीतासाठी वापरलं जाणारं पारंपरिक ब्लूटूथ या पट्ट्याचे १ मेगाहर्ट्‌झचे ७९ भाग करतं आणि सेकंदाला १,६०० वेळा एका भागातून दुसऱ्यात उडी मारत राहतं. २००३ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीपासून त्याला गजबजलेले भाग ओळखून टाळताही येतात, पण किमान २० भाग तरी वापरातच ठेवावे लागतात. आता हिशोब करा. वायफायची एक वाहिनी साधारण २० मेगाहर्ट्‌झ रुंद असते. १, ६ आणि ११ या तिन्ही वाहिन्यांवर जोरदार वर्दळ असेल तर ६० भाग गेले. उरलेल्या १९-२० भागांत तुमच्यासारखेच शेकडो प्रवासी इअरबड्स लावून चाललेले आहेत. पॅकेटं एकमेकांवर आदळतात, पोच येत नाही, फोन पुन्हा पाठवतो, आणि तोवर टाकीतलं पाणी उतरत जातं.

गर्दीइतकंच दुसरं कारण आपलं शरीर आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर, आणि आपण बहुतांशी पाण्याचे. पाणी या लहरी शोषून घेतं. फोन पँटच्या मागच्या खिशात आणि मुख्य इअरबड विरुद्ध कानात असेल तर मध्ये आख्खा माणूस येतो. घरात हे जाणवत नाही, कारण लहरी भिंतींवर आणि छतावर आपटून वळसा घालून कानापर्यंत पोचतात. म्हणूनच घरी उत्तम चालणारे इअरबड्स मोकळ्या मैदानात, जिथे दुसरं एकही यंत्र नाही, तिथे तुटायला लागतात. लोकांना वाटतं इअरबड खराब झाले. फोन पुढच्या वरच्या खिशात ठेवला की बरे होतात. दादरच्या पुलावर मला दोन्ही त्रास एकदम होत होते. पट्टा गजबजलेला, आणि फोन पाठीवरच्या सॅकमध्ये.

'मुख्य इअरबड' म्हणतो त्याचंही कारण आहे. फोन आणि इअरबड यांच्यातलं पारंपरिक ब्लूटूथचं संगीत एकाच उपकरणाकडे जातं. ते दोन सुट्या कानांना एकदम कसं द्यायचं याची सोय मूळ नियमांत नव्हती. सुरुवातीच्या अनेक जोड्यांमध्ये फोन एका बडला आवाज द्यायचा आणि तो बड दुसऱ्याला पुढे पाठवायचा, तेही डोक्यातून पलीकडे. अलीकडच्या बऱ्याच जोड्यांत दुसरा बड फोनचंच प्रसारण चोरून ऐकतो आणि चुकलेलं तेवढं पहिल्याकडून मागतो. तरी एकाचं वजन जास्त राहतंच. तुमचा फक्त डावा कान तुटत असेल तर उजवा बड डबीत ठेवून एकटा डावा वापरून पाहा. बहुतेक जोड्यांत मग डावा मुख्य होतो. एकट्याने नीट वाजला तर दोष त्याच्या स्पीकरचा नाही, दोन बडांमधल्या दुव्याचा आहे.

इथे कोडेकचा मुद्दा येतो. खोक्यावर एलडॅक किंवा ॲप्टएक्स अशी महागड्या कोडेकांची नावं पाहून लोक जास्त पैसे देतात आणि उशीर व तुटणं दोन्ही कमी होईल अशी अपेक्षा ठेवतात. एलडॅक हा सोनीचा कोडेक २०१५ मध्ये आला आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून अँड्रॉइडच्या मूळ संहितेतच आहे. तो ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिटांवर चालतो. ९९० वर आवाज खरोखर जास्त तपशिलाने येतो, पण हवेतल्या वेळेचं काय होतं ते पाहू.

ब्लूटूथचं सगळ्यात मोठं, सगळ्यात वेगवान पॅकेट १,०२१ बाइट नेतं आणि पोचेसकट ३.७५ मिलिसेकंद घेतं. म्हणजे सगळं निर्दोष चाललं तर सेकंदाला सुमारे २,१७८ किलोबिट. एसबीसीचा नेहमीचा वरचा दर ३२८ किलोबिट आहे. त्याला १०० पैकी १५ हिस्से वेळ लागतो आणि ८५ हिस्से चुकलेली पॅकेटं पुन्हा पाठवायला मोकळे राहतात. एलडॅकला ९९० वर ४५ हिस्से लागतात.

सिग्नल क्षीण झाला की रेडिओ वेग कमी करून जास्त भक्कम पद्धतीवर येतो. आता पॅकेटमध्ये ६७९ बाइटच मावतात, आणि सेकंदाला जास्तीत जास्त १,४४८ किलोबिट. एसबीसीला २३ हिस्से पुरतात. एलडॅक ६८ वर जातो. उरलेल्या ३२ हिश्श्यांत फोनला चुकलेली पॅकेटंही पुन्हा पाठवायची आहेत आणि वायफायलाही वेळ द्यायचा आहे, कारण बहुतेक फोनांत दोन्ही रेडिओ एकाच चिपवर आणि कित्येकदा एकाच अँटेनावर असतात. दर तीन पॅकेटांमागे एक दुसऱ्यांदा पाठवावं लागलं तरी हिशोब ९० च्या पुढे जातो. मग टाकी रिकामी होते. म्हणून दादरच्या पुलावर महागडा कोडेक स्वस्त कोडेकपेक्षा आधी तुटतो.

एलडॅकमध्ये दर आपोआप कमी-जास्त करण्याची सोय आहे, आणि बाहेर फिरताना तीच ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन `Build number` वर सात वेळा टिचकी मारली की `Developer options` उघडतात. तिथे `Bluetooth Audio Codec` मध्ये आत्ता कोणता कोडेक चालू आहे ते दिसतं, आणि एलडॅक असेल तर त्याच्या दराच्या यादीत `Best Effort (Adaptive Bit Rate)` निवडता येतं. हे पाहणं यासाठीही गरजेचं की कोडेक दोन्ही बाजूंना असावा लागतो. आयफोन पारंपरिक ब्लूटूथवर फक्त एसबीसी आणि एएसी पाठवतो, त्यामुळे आयफोनवाल्याने एलडॅकसाठी मोजलेले पैसे त्या फोनबरोबर वाया जातात.

कोडेकने उशीर कमी केल्याचंही एक खरं उदाहरण आहे, ॲप्टएक्स लो लेटन्सी. त्यात उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास यायचा. पण ती करामत आवळण्याच्या गणिताची नव्हती. दोन्ही टोकांना 'टाकी लहान ठेवायची' असा करार होता, आणि म्हणूनच त्याला दोन्ही बाजूंना खास चिप लागायची. आज अनेक इअरबड्समध्ये जो गेम मोड असतो, तो मुख्यतः हेच करतो. बफर लहान करतो. भाच्याने तो चालू केला तेव्हा गोळीचा आवाज लगेच बोटाजवळ आला. दुसऱ्या दिवशी तोच मोड चालू ठेवून तो माझ्याबरोबर लोकलने निघाला आणि ठाण्याच्या आधीच आवाज तुटायला लागला, जिथे माझा कधी तुटत नाही. गेम मोड घरात, फोन समोर हातात धरून वापरायची गोष्ट आहे. प्रवासात तो बंदच हवा.

कॉलवर हेच दुसऱ्या बाजूने दिसतं. फोनवर बोलताना पाव सेकंदाचा उशीर झाला तर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतील, म्हणून कॉलसाठी ब्लूटूथ वेगळीच वाट वापरतं. ठरावीक क्षणी ठरावीक पॅकेट, पुन्हा पाठवायला एखाददुसरी संधी, आणि टाकी जवळजवळ नाहीच. मग गर्दीत गाणं नीट वाजत असताना कॉल घेतला की खरखर सुरू होते, यात नवल नाही. शिवाय संगीताची वाट एकतर्फी आहे. माइक चालू झाला की दोन्ही दिशांना आवाज न्यावा लागतो, आणि दर्जा एकदम उतरतो. जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुने, नंतरच्या पद्धतीत १६,०००. सीडीला ४४,१०० असतात. लॅपटॉपवर ऑनलाइन वर्ग सुरू झाला की शिक्षकांचा आवाज डब्यातून आल्यासारखा का होतो, ते यामुळे. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा आणि ऐकायला इअरबड्स राहू द्या. बहुतेक वेळा आवाज पुन्हा भरदार होतो.

आता दुकानदाराच्या ५.३ बद्दल. २०१६ च्या शेवटी ब्लूटूथ ५.० आलं तेव्हा दुप्पट वेग आणि चौपट पल्ला अशी जाहिरात झाली. ती खोटी नव्हती, पण ती लो एनर्जी नावाच्या दुसऱ्या रेडिओबद्दल होती, जो घड्याळं आणि सेन्सर वापरतात. आणि तिथेही दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. संगीत ज्या पारंपरिक रेडिओवरून जातं, त्याचा ३ मेगाबिटांचा कमाल वेग २००४ च्या २.० आवृत्तीबरोबर आला आणि त्यानंतर वाढलेला नाही. एसबीसी, एएसी, एलडॅक हे सगळे त्याच जुन्या रस्त्याने जातात, मग खोक्यावर ५.० असो, ५.३ असो की ५.४. नवी चिप वीज कमी खाते, तिचा रेडिओ जास्त संवेदनशील असू शकतो, त्यामुळे फरक जाणवूही शकतो. पण तो चांगल्या चिपचा आणि अँटेनाचा गुण, आकड्याचा नव्हे.

खरा बदल २०२० च्या ५.२ मध्ये आहे. तिथे लो एनर्जी रेडिओला वेळेशी बांधलेल्या वाहिन्या मिळाल्या, आणि त्यांच्यावर एलई ऑडिओ नावाची नवी व्यवस्था उभी राहिली. तिचे नियम २०२२ मध्ये पूर्ण झाले. यात प्रत्येक कानाला फोनकडून स्वतंत्र प्रवाह जातो, चोरून ऐकणं आणि पुढे ढकलणं संपतं. दोन्ही कानांनी एकाच क्षणी वाजवायचं हेही आधीच ठरलेलं असतं. बरोबर एलसी३ नावाचा नवा कोडेक येतो, जो १० मिलिसेकंदांचे तुकडे करतो. एका नेहमीच्या मांडणीत तो कानामागे ८० किलोबिट घेतो, दोन्ही मिळून १६०, म्हणजे एसबीसीच्या निम्मेच. हवेत वेळ कमी लागतो, पुन्हा पाठवायला जास्त जागा उरते. बोलताना माइक चालू असला तरी दर्जा टेलिफोनच्या पातळीवर घसरायची सक्ती राहत नाही.

पण एलई ऑडिओच्या नियमांमध्येच एका दर्जासाठी दोन मांडण्या दिलेल्या आहेत. एक कमी उशिराची, जिच्यात पॅकेट पोचवायला सुमारे २० मिलिसेकंद मिळतात आणि पुन्हा पाठवायच्या संधी मोजक्या. दुसरी जास्त भरवशाची, जिच्यात सुमारे १०० मिलिसेकंद आणि १३ संधी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वीस वर्षांनी नव्याने आखलेल्या व्यवस्थेतही टाकी लहान की मोठी हा प्रश्न सुटलेला नाही, फक्त तो आता उघडपणे विचारला जातो. दोन्ही मांडण्या जुन्यापेक्षा चांगल्या आहेत, एवढं मात्र खरं.

आणि ५.२ किंवा पुढचा आकडा असला की एलई ऑडिओ असतोच असं नाही. तो ऐच्छिक आहे. खोक्यावर `LE Audio` किंवा `Auracast` हे शब्द शोधा, आणि तेच फोनच्या माहितीतही शोधा. एका बाजूला नसेल तर जोडी निमूटपणे जुन्या रस्त्यावर जाते.

खरेदीआधी आपला त्रास मोजून पाहणं अवघड नाही. भाच्याबरोबर मी जे केलं ते सांगतो. फोनवर पियानोचं साधं ॲप उघडा. दुसऱ्या फोनचा रेकॉर्डर चालू करून त्याच्या माइकजवळ इअरबड धरा. आता पडद्यावरची पट्टी बोट थोडं उभं धरून अशी वाजवा की नख आणि पेर दोन्ही एकदम टेकतील, कारण नुसतं नख पडद्याला बहुधा कळत नाही, म्हणजे नखाचा टिक्‌ आणि इअरबडमधला सूर दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये येतील. ते संगणकावर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्राममध्ये उघडलं की दोन उंचवटे दिसतात आणि त्यांच्यातलं अंतर मिलिसेकंदांत मोजता येतं. दहा वेळा करून मधला आकडा घ्या. मग इअरबड्सची जोडणी तोडून फोनच्या स्पीकरवर तेच करा. समजा इअरबड्सवर २८० भरले आणि स्पीकरवर ८०, तर ८० हा पडद्याचा आणि ॲपचा स्वतःचा उशीर, आणि ब्लूटूथच्या माथी २०० मारायचे. स्पीकरवरच १५० भरले तर नवे इअरबड्स घेऊन गेम सुधारणार नाही, फोनच मंद आहे.

तुटण्यासाठी क्रम वेगळा. घरात तुटत असेल तर फोनचं वायफाय ५ गिगाहर्ट्‌झच्या नेटवर्कवर न्या, किंवा दहा मिनिटं बंदच करून पाहा. थांबलं तर कारण तिथे होतं. लॅपटॉपवर तुटत असेल तर शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली आहे का ते बघा. तिची केबल आणि जोड याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात, आणि ती हातभर लांब किंवा दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावली की फरक पडतो. इअरबड्स फोन आणि लॅपटॉप दोन्हींना एकदम जोडलेले असतील तर एक सोडून पाहा, कारण त्यांना एकच वेळ दोघांत वाटावी लागते. बाहेर तुटत असेल तर फोनची जागा बदला आणि कोडेक एसबीसी किंवा एएसीवर आणून पाहा. हे सगळं करूनही शांत खोलीत, फोन हातभर अंतरावर असताना तुटत असेल, तर मात्र इअरबड किंवा फोनचा रेडिओ सदोष असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या फोनला जोडून कोण ते ठरतं.

भाच्याला आम्ही काहीच विकत घेतलं नाही. तो घरी खेळताना गेम मोड लावतो, आणि त्याच्या शाळेच्या मित्रांची स्पर्धा असते तेव्हा वायरचे जुने इअरफोन काढतो, ज्यांत हवेचा प्रवासच नाही. माझा फोन आता सॅकमधून शर्टाच्या खिशात आला आहे, एलडॅक ९९० वरून आपोआपवर. दादरच्या पुलावर संध्याकाळी साडेसहाला अजून एखादं खट्‌ ऐकू येतं, बहुतेक मधल्या जिन्याजवळ, जिथे सगळ्यात जास्त माणसं अंगाला अंग लावून थांबलेली असतात.